गरज आकड्यांनी मांडायची, पण फुगवायची नाही: अनुदानाच्या अर्जातलं नीड स्टेटमेंट

‘आमच्या भागातले जवळपास निम्मे रक्तदाबाचे रुग्ण उपचार अर्धवट सोडतात.’

अनुदानाच्या अर्जात असं वाक्य आलं की अर्ज तपासणारा माणूस पेन्सिल उचलतो. भाग म्हणजे नेमका कोणता? निम्मे म्हणजे कशातले निम्मे? आणि सोडतात हे तुम्हाला कळलं कसं? या तीन प्रश्नांची उत्तरं पुढच्या चार ओळींत सापडली नाहीत, तर उरलेला अर्ज तो संशयाने वाचतो. समस्या खरी असते, संस्थाही प्रामाणिक असते, पण हातात होतं त्यापेक्षा वाक्य मोठं झालेलं असतं.

हेच एक वाक्य घेऊन मी हा लेख लिहितो आहे. एक छोटी संस्था आहे. ती एका दवाखान्याबरोबर काम करते आणि उपचार सोडलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरभेटींसाठी तिला अनुदान हवं आहे. संस्था आणि तिचे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. पद्धत मात्र कुठल्याही विषयाच्या अर्जाला लागू पडते.

आधी समस्या लिहा, उपाय बाजूला ठेवा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचं: कोणाला, कुठे, कधी, काय होतंय. त्यात तुमच्या प्रकल्पाचं नाव येता कामा नये. ‘आमच्याकडे घरभेटी देणारे कार्यकर्ते नाहीत’ ही समस्या नव्हे. तो उपायाचा अभाव आहे. असं वाक्य पायाला धरलं की सगळी मांडणी गोल फिरते: घरभेटी नाहीत, म्हणून घरभेटींची गरज आहे, म्हणून घरभेटींना पैसे द्या. तपासणाऱ्याला हे पहिल्याच वाचनात दिसतं.

आपल्या उदाहरणात ते वाक्य असं होईल: ‘या दवाखान्यात उच्च रक्तदाबाचे उपचार सुरू केलेल्यांपैकी काही जण काही महिन्यांनी गोळ्या घेणं थांबवतात.’ ‘काही’च्या जागी काय लिहायचं, हेच पुढचं सगळं काम. ‘या दवाखान्यात’ हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. माहिती दवाखान्याच्या नोंदवहीतली आहे, त्यामुळे बोलायचं ते दवाखान्याच्या रुग्णांबद्दल. ज्यांना रक्तदाब आहे पण जे कधी तपासायलाच आले नाहीत, ते या नोंदवहीत नाहीत. ‘आमच्या भागातले रुग्ण’ म्हटलं की त्या न आलेल्यांबद्दलही आपण काही जाणतो असा दावा होतो.

जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने १९७२ मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले होते: तज्ज्ञांनी निकष लावून ठरवलेली, लोकांना स्वतःला वाटणारी, लोकांनी मागणी करून व्यक्त केलेली आणि इतरांशी तुलना करून दिसणारी. अर्जात हे नाव घालायची गरज नाही. पण आपल्या हातातला आकडा यातल्या कोणत्या प्रकारचा आहे हे स्वतःशी ठरवून घेतलेलं बरं. दवाखान्याची नोंदवही म्हणजे व्यक्त झालेली गरज. जो दारात आला तोच तिच्यात मोजला जातो.

भाजक ठरवल्याशिवाय टक्केवारी लिहू नका

संस्थेने नोंदवही उघडली. आजवर नाव नोंदवलेले रक्तदाबाचे रुग्ण १,४००. मागच्या तिमाहीत निदान एकदा आलेले ४४८. म्हणजे ९५२ जण आलेच नाहीत, ६८ टक्के! अर्ज लिहिणाऱ्याचे डोळे चमकतात ते इथेच.

पण त्या १,४०० मध्ये कित्येक वर्षांपूर्वी एकदाच येऊन गेलेलेही आहेत. कोणी गाव बदललं, कोणी डॉक्टर बदलला, कोणी हयात नाही. त्यांना भाजकात ठेवलं की टक्केवारी आपोआप फुगते. संस्थेने मग व्याख्या घट्ट केली. तिमाही सुरू होण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत एकदा तरी आलेला रुग्ण तोच ‘चालू रुग्ण’. असे निघाले ८६०. तिमाहीत आलेले ४४८ जण या ८६० मधलेच होते. उरलेले ४१२ आले नाहीत, म्हणजे ४८ टक्के.

६८ वरून ४८ वर आलो म्हणून अर्ज लेचापेचा झाला असं वाटेल. उलट, ‘चालू रुग्ण म्हणजे कोण’ हे एका ओळीत लिहिलेला ४८ चा आकडा टिकतो. त्याआधीपासून न आलेल्या ५४० जणांबद्दलही एक ओळ लिहावी: ‘त्यापूर्वीच्या वर्षभरात एकदाही न आलेल्या ५४० जणांची सद्यःस्थिती माहीत नसल्याने त्यांना या हिशेबात धरलेलं नाही.’ त्यांच्यातही गरजू असतील, नक्की असतील. पण किती, ते माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते मोजायचं नाही.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. दवाखाना गोळ्या किती दिवसांच्या देतो? एका वेळी एकशेवीस दिवसांच्या देत असेल, तर तिमाहीत एकदाही न येणारा रुग्ण अगदी नियमित असू शकतो. पुढची तारीख तिमाही संपल्यावर चार दिवसांनी असेल इतकंच. आपल्या दवाखान्यात तीस दिवसांच्या देतात असं धरू. म्हणजे न आलेल्याच्या निदान दोन, बहुधा तीन खेपा चुकल्या. ही गोष्ट औषधं देणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. नोंदवहीत ती लिहिलेली नसते. आकडा ज्याच्या हातून तयार होतो त्याच्याशी अर्धा तास बोलणं मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त उपयोगाचं वाटत आलं आहे.

‘आला नाही’ म्हणजे ‘सोडलं’ नव्हे

आता मुख्य काम. ४१२ जण दवाखान्यात आले नाहीत, इतकं कळलं. त्यांनी गोळ्या सोडल्या का, हे कळलेलं नाही. कोणी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेत असेल, कोणी मुलाकडे राहायला गेला असेल. बहुतेक अर्ज इथेच घसरतात: मोजलं एक आणि लिहिलं दुसरं.

सगळ्या ४१२ जणांना विचारणं छोट्या संस्थेला झेपणार नाही, आणि तशी गरजही नाही. १२० जणांचा नमुना पुरतो, अट एवढीच की तो खरोखर यदृच्छ असावा, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असावी. जे सहज सापडतात, ज्यांचा फोन लागतो, जे दवाखान्याजवळ राहतात, अशांना घेऊन नमुना बनत नाही. स्प्रेडशीटमध्ये ४१२ नावांची यादी घ्या, शेजारच्या रकान्यात हे सूत्र घाला आणि खालपर्यंत ओढा:

```
=RAND()
```

मग तो रकाना कॉपी करून फक्त किमती म्हणून परत चिकटवा, नाहीतर प्रत्येक क्लिकला आकडे बदलत राहतात आणि कोणाला का निवडलं हे नंतर दाखवता येत नाही. त्या रकान्यानुसार यादी लावा आणि वरचे १२० घ्या. यादी तशीच जपून ठेवा. निवडलेला माणूस सापडला नाही तर त्याच्या जागी १२१ वा घ्यायचा मोह होईल, तो आवरा. न सापडणं ही सुद्धा माहिती आहे.

चौकशी दवाखान्याच्या परिचारिकेने केलेली चांगली. रुग्णांची नावं आणि आजार बाहेरच्या संस्थेच्या हाती देणं मुळात बरोबर नाही, आणि ओळखीच्या आवाजाशी लोक मोकळं बोलतात. प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन, नाही लागला तर पत्त्यावर एक फेरी. नकार दिला तर तिथेच थांबायचं.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फार बदलतं. ‘गोळ्या सोडल्या का हो तुम्ही?’ असं विचारलं की माणूस ओशाळतो आणि ‘नाही नाही, घेतो की’ म्हणतो. त्याऐवजी: ‘गेल्या महिन्यात गोळ्या कुठून घेतल्या?’ आणि मग, ‘बऱ्याच जणांच्या अधूनमधून राहतात. तुमच्या महिन्याभरात साधारण किती दिवस राहिल्या असतील?’ उपचार सोडल्याची व्याख्याही चौकशीच्या आधीच लिहून ठेवायची: गेल्या तीस दिवसांत एकही गोळी नाही, किंवा पंधरापेक्षा कमी दिवस गोळी. उत्तरं पाहून व्याख्या ठरवली की हवा तो आकडा काढता येतो, आणि हे तपासणारालाही ठाऊक असतं.

समजा, १२० पैकी ९० जणांची माहिती मिळाली. ५४ जणांनी वरच्या व्याख्येप्रमाणे उपचार सोडले होते. २७ जण दुसरीकडून नियमित गोळ्या घेत होते. ९ जण कायमचे दुसरीकडे गेले होते किंवा वारले होते. हे घरच्यांकडून किंवा शेजाऱ्यांकडून समजलं. उरलेले ३० सापडलेच नाहीत.

म्हणजे ‘उपचार सोडलेले’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवणार होतो, त्यांतल्या २७ जणांचे उपचार व्यवस्थित चालू होते. ही चौकशी न करता ४८ टक्क्यांचा दावा केला असता, तर घरभेटीला गेलेल्या कार्यकर्त्याला घरोघरी हेच ऐकावं लागलं असतं, तेही अनुदान मिळाल्यानंतर.

जे सापडले नाहीत त्यांचं काय करायचं

मिळालेल्या ९० मधले ५४, म्हणजे ६० टक्के. हे प्रमाण ४१२ ला लावलं तर सुमारे २४७ येतात. अर्ज लिहिणारा बहुधा इथेच थांबतो. पण या हिशेबात एक गृहीतक दडलं आहे: न सापडलेले ३० जण सापडलेल्यांसारखेच आहेत. ते तसे असतीलच असं नाही. फोन बंद असलेल्यांमध्ये उपचार सोडलेले जास्त असू शकतात. तसंच गाव सोडून गेलेलेही जास्त असू शकतात. कुठल्या बाजूला झुकायचं हे कळायला आपल्याकडे मार्ग नाही.

म्हणून दोन्ही टोकं काढून पाहायची. त्या तिसांपैकी एकानेही उपचार सोडले नाहीत असं धरलं, तर १२० मध्ये ५४, म्हणजे ४५ टक्के. ४१२ मध्ये सुमारे १८५. सगळ्यांनी सोडले असं धरलं, तर १२० मध्ये ८४, म्हणजे ७० टक्के. ४१२ मध्ये सुमारे २८८. याशिवाय नमुना आहे म्हटल्यावर नशिबाचा भाग आलाच. ४१२ मधून १२० घेतले तर आकडा साधारण ७ ते ८ टक्के बिंदू इकडे किंवा तिकडे सरकू शकतो. खालच्या टोकातून तेही वजा केलं तर सुमारे ३७ टक्के उरतात, म्हणजे दीडशेच्या आसपास माणसं.

सूत्रं येत नसतील तर सांख्यिकी शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला कागद दाखवा. पंधरा मिनिटांचं काम आहे. ढोबळ अंदाज हवा असेल तर इतकं लक्षात ठेवा: मोठ्या समूहातून १०० जणांचा यदृच्छ नमुना घेतला, तर टक्केवारी सुमारे १० बिंदूंनी मागेपुढे होऊ शकते आणि ४०० जणांचा घेतला तर सुमारे ५ बिंदूंनी. म्हणूनच १२० जणांच्या चौकशीतून ‘४५.८३ टक्के’ असला आकडा काढून लिहिणं हास्यास्पद दिसतं. दशांशचिन्हापुढचे आकडे अचूकतेचा आव आणतात. नमुना शंभराच्या आत असेल तर मी टक्केवारीच्या आधी सरळ संख्या लिहितो: ‘९० पैकी ५४’.

आता अर्जात लिहिण्याजोगं वाक्य हाती आलं: ‘या दवाखान्याच्या ८६० चालू रुग्णांपैकी सुमारे २५० जणांनी उपचार सोडले असावेत असा आमचा अंदाज आहे, सर्वांत सावध हिशेबानेही ही संख्या दीडशेच्या खाली जात नाही.’ सुरुवातीच्या ‘निम्म्या’पेक्षा हे पुष्कळ कमी आहे, साधारण तीस टक्के. पण दीडशे माणसांसाठी दोन कार्यकर्त्यांचा वर्षभराचा खर्च मागायला ते पुरेसं आहे. प्रकल्पाचं उद्दिष्टही याच खालच्या आकड्याला बांधा: पहिल्या वर्षी १५० जणांपर्यंत पोहोचू. अडीचशेचं उद्दिष्ट ठेवलं आणि गरजू दोनशेच निघाले, तर वर्षअखेरीच्या अहवालात स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

जगाचा आकडा आणि शिबिराचा आकडा

रक्तदाबावरच्या अर्जांच्या पहिल्या ओळीत हमखास जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असतो. २०१९ च्या अंदाजानुसार जगभरात ३० ते ७९ वयोगटातल्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता आणि त्यांच्यापैकी सुमारे ४६ टक्के लोकांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. आकडा खरा आहे. प्रश्न असा की तो तुमच्या अर्जात काय काम करतो?

तुमच्या दवाखान्याबद्दल तो काहीच सांगत नाही. विषय जगभर गंभीर मानला जातो एवढंच सांगतो, आणि ते अनुदान देणाऱ्याला आधीच माहीत असतं. तो त्या विषयाला पैसे देतोय तो त्यामुळेच. एक वाक्य पुरे. त्यासोबत वर्ष आणि वयोगट लिहायला विसरू नका, कारण ‘१२८ कोटी लोक’ आणि ‘३० ते ७९ वयोगटातले १२८ कोटी लोक’ यांत फरक आहे.

खरी गडबड होते ती मोठ्या आकड्याचा स्थानिक गुणाकार केल्यावर. जगात तीन प्रौढांपैकी एकाला रक्तदाब, आपल्या भागात प्रौढ १२,०००, म्हणजे ४,००० रुग्ण. त्यांपैकी ४६ टक्के अनभिज्ञ, म्हणजे १,८४० लोक. शेवटची संख्या इतकी नेमकी दिसते की कोणीतरी घरोघर जाऊन मोजली असावी असं वाटतं. आपल्या भागातलं वयाचं प्रमाण वेगळं असेल, तपासणीची सोय वेगळी असेल. असा गुणाकार करायचाच असेल तर ‘जागतिक सरासरी इथे लागू पडते असं गृहीत धरल्यास’ हे शब्द त्याच वाक्यात हवेत आणि संख्या गोल करून लिहायला हवी. तळटीपेत ढकललेलं गृहीतक कोणी वाचत नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणांचंही असंच आहे. सर्वेक्षण ज्या पातळीसाठी आखलेलं असतं, प्रांत किंवा जिल्हा, त्याच्या खाली त्याचे आकडे ओढू नयेत.

दुसरा लाडका आकडा शिबिराचा. ‘आमच्या तपासणी शिबिरात ३०० पैकी १०२ जणांना उच्च रक्तदाब आढळला, म्हणजे ३४ टक्के.’ यात दोन गोच्या आहेत. शिबिराला कोण येतं? ज्यांना काहीतरी होतंय, ज्यांना वेळ आहे, ज्यांचं वय जास्त आहे. ते सगळ्या वस्तीचे प्रतिनिधी नसतात. आणि एका दिवशीच्या मोजणीवरून निदान होत नाही. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असं दोन वेगवेगळ्या दिवशी आढळलं तर उच्च रक्तदाब म्हणतात. रांगेत उभा राहून, जिना चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब तसाही थोडा चढलेला असतो. तेव्हा लिहायचं ते असं: ‘शिबिराला आलेल्या ३०० जणांपैकी १०२ जणांचं त्या दिवशीचं मापन मर्यादेपेक्षा जास्त होतं, त्यांना फेरतपासणीसाठी पाठवलं.’ फेरतपासणीला किती आले हेही माहीत असेल तर तो आकडा शिबिराच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

‘झपाट्याने वाढत आहे’

हे शब्द इतक्या सवयीने येतात की लिहिणाराला तो एक दावा आहे हेच जाणवत नाही. वाढ सांगायची तर निदान दोन वेळांचे आकडे हवेत आणि ते एकाच पद्धतीने मोजलेले हवेत.

आपल्या दवाखान्यात मागच्या वर्षी याच तिमाहीत न आलेल्यांचं प्रमाण ४४ टक्के होतं, यंदा ४८. वाढ झाली ४ टक्के बिंदूंची. कोणी तीच ‘९ टक्के वाढ’ म्हणूनही लिहील, कारण ४४ चे ९ टक्के म्हणजे साधारण ४. गणित बरोबर आणि वाचणाऱ्याची दिशाभूल पक्की. शिवाय मागच्या वर्षी नोंदवही कागदी होती, यंदा संगणकावर आली. कागदी वहीत एखाद्याची खेप नोंदवायची राहिली किंवा एकाच माणसाचं नाव दोनदा आलं, तर प्रमाण चार बिंदू सहज हलतं. मग ही वाढ रुग्णांच्या वागण्यातली की नोंदीतली? सांगता येत नाही. तेव्हा ‘गेली दोन वर्षं हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर आहे’ एवढंच लिहावं. गरज दाखवायला ती वाढत असलीच पाहिजे असं नाही. रेंगाळलेली समस्याही समस्याच असते.

तुलना एकाच तिमाहीशी केली, हेही महत्त्वाचं. सुट्ट्यांच्या काळात सगळ्याच दवाखान्यांची गर्दी ओसरते. सर्वांत वाईट तिमाही निवडून ती पायाभूत म्हणून दाखवली, तर एक धोका नंतर समोर येतो: वाईट तिमाहीनंतरची तिमाही बहुधा आपसूकच बरी निघते. मग प्रकल्पामुळे सुधारणा झाली असा भास होतो आणि मूल्यमापन करणारा तो भास फोडतो.

कारणं विचारली नाहीत तर उपाय हवेत लटकतो

त्या ५४ जणांना परिचारिकेने मुख्य कारण विचारलं होतं. २३ जण म्हणाले, बरं वाटायला लागलं म्हणून थांबवल्या. १४ जणांना दवाखान्याची वेळ जमत नव्हती. कामाचा खाडा होतो. ९ जणांना दोन-दोनदा येऊन औषध मिळालं नव्हतं. ८ जणांची कारणं वेगवेगळी.

आता घरभेटींच्या प्रस्तावाकडे बघा. ‘बरं वाटतंय’ म्हणणाऱ्या २३ जणांशी बोलायला घरभेट उपयोगी ठरू शकते. वेळ न जमणाऱ्या १४ जणांना घरी जाऊन समजावून काय होणार? त्यांना आठवड्यातून एक संध्याकाळ दवाखाना उघडा हवा. औषध संपल्याने परत गेलेल्या ९ जणांच्या घरी जाऊन ‘नियमित गोळ्या घ्या’ असं सांगणं तर जखमेवर मीठ चोळणं झालं. म्हणजे कारणांच्या या छोट्या यादीने प्रकल्पच बदलला: घरभेटी राहिल्या, पण त्यांच्या जोडीला एक संध्याकाळची वेळ आली आणि औषधसाठ्याचा प्रश्न दवाखान्याशी बोलून सोडवण्याची अटही आली. असा अर्ज तपासणाऱ्याला सहज पटतो, कारण गरज आणि उपाय यांच्यामधला दुवा त्यात दिसतो.

आणि हो, ‘जनजागृतीअभावी’ हा शब्द. तो लिहिण्याआधी थांबा. ५४ मधल्या २३ जणांच्या बाबतीत तो अर्धवट खरा असेल. उरलेल्या ३१ जणांना काय करायचं ते माहीत होतं किंवा त्यांची अडचण भलतीच होती. समस्येचं सगळं खापर लोकांच्या अज्ञानावर फोडणारी वाक्यं चुकीची तर असतातच, पण ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांनाच ती कमी लेखतात.

दोन परिच्छेद, शेजारी शेजारी

पहिला मसुदा असा होता:

‘उच्च रक्तदाब हा सायलेंट किलर असून जगातील १२८ कोटी लोक त्याने ग्रस्त आहेत. आमच्या भागातील परिस्थिती अत्यंत भयावह असून जवळपास निम्मे रुग्ण जनजागृतीअभावी उपचार अर्धवट सोडतात. हे प्रमाण झपाट्याने वाढत आहे व त्यामुळे शेकडो लोकांना पक्षाघात होत आहे. आमच्याशिवाय या भागात कोणतीही संस्था काम करत नाही.’

आणि चौकशीनंतरचा:

‘या दवाखान्यात उच्च रक्तदाबाचे ८६० चालू रुग्ण आहेत (बारा महिन्यांत एकदा तरी आलेले). मागच्या तिमाहीत त्यांपैकी ४१२ जण एकदाही आले नाहीत. न येणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे, म्हणून या ४१२ मधून यदृच्छ पद्धतीने निवडलेल्या १२० जणांची दवाखान्याच्या परिचारिकेने चौकशी केली. माहिती मिळालेल्या ९० पैकी ५४ जणांनी गोळ्या बंद केल्या होत्या किंवा महिन्यातले निम्म्याहून कमी दिवस घेत होते. २७ जण दुसरीकडून उपचार घेत होते. ३० जणांचा ठावठिकाणा लागला नाही. यावरून उपचार सोडलेल्यांची संख्या सुमारे २५० असावी. सावध हिशेबाने ती किमान दीडशे आहे. त्या ५४ पैकी २३ जणांनी बरं वाटल्याने, १४ जणांनी दवाखान्याची वेळ न जमल्याने आणि ९ जणांनी औषध न मिळाल्याने उपचार थांबवल्याचं सांगितलं. अनियंत्रित रक्तदाबामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो हे सर्वमान्य आहे. या रुग्णांमध्ये असे किती प्रसंग घडले याची नोंद उपलब्ध नाही.’

शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना टोचतं. आपणच आपली उणीव का सांगायची? कारण पक्षाघाताचा मुद्दा तपासणाऱ्याच्या मनात येणारच आहे. सर्वमान्य धोका एका बाजूला, इथे मोजलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला, अशी रेघ आपणच ओढली की वरच्या सगळ्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो. ‘शेकडो लोकांना पक्षाघात’ असं लिहून तो विश्वास घालवायचा कशाला? आणि ‘आमच्याशिवाय कोणीच काम करत नाही’ हे वाक्य तर काढूनच टाका. तपासणाऱ्याच्या टेबलावर त्याच भागातला दुसरा अर्ज असण्याची शक्यता बरीच असते.

पाठवण्याआधीची छाननी

अर्ज छापून घ्या, स्क्रीनवर हे काम नीट होत नाही. दावा करणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारा आणि समासात एक अक्षर लिहा: मोजलेलं असेल तर ‘मो’, दुसऱ्याच्या अहवालातून घेतलेलं असेल तर ‘अ’, अंदाज असेल तर ‘अं’, आणि यांतलं काहीच नसेल तर फुली. प्रत्येक ‘मो’साठी मूळ यादी किंवा नोंदवहीचं पान दाखवता यायला हवं. प्रत्येक ‘अ’साठी अहवाल स्वतः उघडून आकडा पाहिलेला हवा, दुसऱ्या अर्जातून उचललेला नको. ‘अं’च्या वाक्यात ‘असावी’, ‘अंदाजे’, ‘गृहीत धरल्यास’ यांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे. फुलीची वाक्यं खोडा. ती बहुधा ‘भयावह’, ‘अभूतपूर्व’, ‘सर्वाधिक’, ‘कोणीच नाही’ अशा शब्दांची असतात आणि खोडल्यावर अर्थ जराही कमी होत नाही.

एखाद्या रुग्णाची गोष्ट घालायची असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या आणि ओळख पटेल असे तपशील बदला. निवडही अशा माणसाची करा, की ज्याचं कारण यादीत सर्वाधिक वेळा आलं आहे. आपल्या उदाहरणात तो ‘बरं वाटलं म्हणून थांबवलं’ म्हणणारा माणूस असेल. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एकमेव रुग्णाची कहाणी जास्त हेलावते हे खरं, पण ५४ जणांचं चित्र त्यातून उभं राहत नाही.

राहता राहिली शब्दमर्यादा. अडीचशे शब्दांत बसवायचं झालं तर आधी जगाचा आकडा काढा, मग विषयाचं गांभीर्य सांगणारी वाक्यं, मग रुग्णाची गोष्ट. भाजकाची व्याख्या, ९० पैकी ५४ आणि न सापडलेले ३० यांना मात्र हात लावू नका. प्रश्नावली, निवडीची पद्धत आणि दोन्ही टोकांचा हिशेब, नावं वगळून, एका पानाच्या परिशिष्टात जोडा. परिशिष्टाला परवानगी नसेल तर ते पान फाईलमध्ये तयार ठेवा. छाननीच्या बैठकीनंतर फोन येतो तेव्हा विचारतात ते त्यातलंच.